ऑफिसच्या मेलला कंडिशनल ॲक्सेस लावायलोय, आधी बारा जणांवर. कुठं कुठं अडेल?

उद्यमबागचा_फिटर

नमस्कार मंडळी. उद्यमबागेत एका कास्टिंगच्या कारखान्यात आयटी बघतो. आयटी बघतो म्हणजे प्रिंटरच्या ट्रेपासून सर्व्हरपर्यंत मी एकटाच. एकशे चाळीस मेलबॉक्स हायत, सगळे एक्सचेंज ऑनलाइनवर. एका मोठ्या गिऱ्हाइकाच्या ऑडिटला माणूस आला आणि विचारलं, तुमच्या ड्रॉइंगचा मेल कुठल्याही लॅपटॉपवर उघडतो का? उघडतो की. लग्नाला गेलेला माणूस पाहुण्याच्या लॅपटॉपवर उघडतो. मग मालकांनी बिझनेस स्टँडर्ड काढून सगळ्यांना बिझनेस प्रीमियम घेऊन दिलं.

आता कंडिशनल ॲक्सेसच्या, म्हणजे अट पुरी केली तरच लॉगिन, अशा दोन पॉलिसी डोक्यात हायत. पहिली म्हणजे जुने प्रोटोकॉल बंद. दुसरी म्हणजे इंट्यूनने, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मशीन सांभाळायच्या सेवेने, पास केलेल्या मशीनवरच मेल. बारा जणांचा पायलट ग्रुप करायचा ठरवलंय. डिझाइनमधली पोरं हुशार हायत, तक्रार करत नाहीत, म्हणून त्यांनाच घेतो म्हणतोय. दोन आठवडे बघायचं आणि मग सगळ्यांना लावायचं. यात काय चुकायलंय ते आधीच सांगा ओ, मागून शिव्या देऊ नका.

बेळगावी_कुंदा

जुन्या प्रोटोकॉलची पॉलिसी करायची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2022 पासून बेसिक ऑथेंटिकेशन स्वतःच काढून टाकलंय. पॉप, आयमॅप, ॲक्टिव्हसिंक सगळं गेलं. तू फक्त दुसरी पॉलिसी लाव आणि मोकळा हो.

निपाणी_नाका

कुंदा अर्धं बरोबर सांगायलेत. 2022 मध्ये एक दार उघडंच ठेवलं होतं, एसएमटीपी ऑथ, म्हणजे नाव-पासवर्ड देऊन मेल पाठवायची सोय. ती बंद करायची तारीख मायक्रोसॉफ्ट पुढं ढकलत आलंय. त्यामुळं प्रश्न आता जुन्या आउटलुकचा राहिलेला नाही, तो केव्हाच मेला. प्रश्न त्या यंत्रांचा हाय ज्यांच्या पोटात कुणीतरी कधीकाळी एक पासवर्ड टाकून ठेवलाय आणि विसरून गेलाय.

फिटर, तुम्ही पॉलिसी करायच्या आधी एन्ट्राच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या लॉगिन सेवेच्या, साइन-इन लॉगमध्ये जा आणि `Client app` या फिल्टरमध्ये जुन्या क्लायंटवर टिक करा. प्रीमियममुळं तीस दिवसांचा लॉग मिळतो. इंटरॅक्टिव्ह आणि नॉन-इंटरॅक्टिव्ह असे दोन टॅब हायत, दोन्ही बघा. नुसता पहिला बघून "काहीच नाही" म्हणणारे मी बरेच बघितलेत. काय सापडतं ते इथं लिहा, मग बोलू.

आणि पायलटला हुशार पोरं घेऊ नका. तक्रार न करणाऱ्या बारा जणांवर पायलट केला तर दोन आठवड्यांनी तुमच्याकडं काहीच माहिती नसेल.

बेळगावी_कुंदा

पायलट आधी आयटीवरच करावा, हा नियम हाय.

निपाणी_नाका

त्यांच्या आयटीत एकच माणूस हाय, पहिल्या ओळीत लिहिलंय. पण हो, पहिले दोन दिवस स्वतःवर लावून बघणं बरोबर.

खानापूर_अक्का

मी कॉलेजात शिकवते. आमच्या कॉलेजच्या मेलने परवापासून फोनवर "कंपनी पोर्टल" टाका म्हणून लावलंय. हे टाकलं की त्यांना माझे फोटो आणि व्हॉट्सॲप दिसणार का? मी अजून टाकलेलं नाही. विषय तोच वाटला म्हणून इथं विचारलं.

निपाणी_नाका

अक्का, विषय अगदी तोच हाय. तुमचा फोन अँड्रॉइड असेल आणि त्यांनी वर्क प्रोफाइल लावलं असेल, तर फोनमध्ये कामाचा एक वेगळा कप्पा तयार होतो. ॲपच्या चित्रावर छोटी ब्रीफकेस दिसते. त्यांना फोनचं मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती आणि त्या कप्प्यातली ॲप्स दिसतात. फोटो, मेसेज, तुमची स्वतःची ॲप्स दिसत नाहीत. पुसायची वेळ आली तर तो कप्पाच पुसला जातो. मात्र फोनला पिन पाहिजे अशी अट ते घालू शकतात, आणि ती पूर्ण फोनला लागू शकते.

खानापूर_अक्का

पिन हायच. पण हे त्यांनी आधी का सांगितलं नाही? नुसतं "टाका" म्हणून आलं.

उद्यमबागचा_फिटर

अक्का, हे मी लिहून ठेवलं. आमच्याकडं मार्केटिंगवाले हेच विचारणार.

लॉग बघितला. नाकावाले दादा, तुमचं तोंड गोड होऊ दे. दुसऱ्या टॅबमध्येच सगळं होतं. तीन खाती `Authenticated SMTP` वर सापडली. एक मुख्य ऑफिसातला कॉपियर, स्कॅन करून अकाउंट्सला मेल करतो. दुसरं ईआरपी, ते गिऱ्हाइकांना इन्व्हॉइस पाठवतं. तिसरं वजनकाट्याचं सॉफ्टवेअर, ते रोज संध्याकाळी डिस्पॅचला एक शीट पाठवतं. हे काट्याचं मला माहितीच नव्हतं. पासवर्ड कुणी टाकला तो माणूस नोकरी सोडून गेलाय.

याशिवाय एका जुन्या खात्यावर परदेशातून शेकडो फसलेले प्रयत्न दिसायलेत. पॉलिसी लावली की हे थांबतील ना?

निपाणी_नाका

थांबणार नाहीत. कंडिशनल ॲक्सेस पासवर्ड बरोबर ठरल्यानंतर विचार करतो. चुकीचा पासवर्ड टाकणाऱ्यापर्यंत तो पोचतच नाही, त्यामुळं लॉगमध्ये ती ओळ दिसतच राहणार. फायदा असा की उद्या त्यांचा अंदाज बरोबर आला तरी आत घेतलं जाणार नाही. वापरात नसलेलं खातं असेल तर साइन-इनच बंद करून टाका, पॉलिसीची वाट कशाला बघायची.

आता तीन यंत्रांचं. पॉलिसीत `Client apps` मध्ये `Exchange ActiveSync clients` आणि `Other clients` या दोनवर टिक करून `Block` दिलं, की ही तिन्ही बंद पडतात. म्हणून आधी त्यांची सोय बघा. ऑफिसला स्टॅटिक आयपी हाय का?

उद्यमबागचा_फिटर

मुख्य कारखान्यात लीज लाइन हाय, स्टॅटिक आयपी हाय. वजनकाटा मात्र मच्छेच्या गोडाउनात, तिथं साधं केबल ब्रॉडबँड.

निपाणी_नाका

मग कॉपियर आणि ईआरपी एकाच मार्गानं सुटतात. एक्सचेंज ॲडमिनमध्ये इनबाउंड कनेक्टर करा, "तुमच्या संस्थेचा मेल सर्व्हर" या प्रकारचा, आणि त्यात तुमचा स्टॅटिक आयपी द्या. यंत्रात सर्व्हर म्हणून तुमच्या डोमेनचा एमएक्स पत्ता आणि पोर्ट 25 टाका. पासवर्ड नाही, काही नाही. कनेक्टर असल्यामुळं बाहेरच्या गिऱ्हाइकालाही मेल जातो. तोच आयपी एसपीएफमध्ये, म्हणजे तुमच्या नावानं कुणी मेल पाठवायचा त्या यादीत, घाला, नाहीतर इन्व्हॉइस लोकांच्या स्पॅममध्ये जाऊन बसतील. यंत्राला हात लावायच्या आधी पोर्ट उघडं हाय का बघा:

```
Test-NetConnection <mx-host> -Port 25
```

हिंडलगा_कॉपियरवाला

मी कॉपियरची सर्व्हिस करतो, वीस वर्षं हाय या धंद्यात. पोर्ट 25 साध्या ब्रॉडबँडवर बऱ्याच ठिकाणी बंदच असतं, मच्छेत प्रयत्न करण्यात वेळ घालवू नका. काट्याच्या शीटसाठी मेल कशाला पाहिजे? गोडाउनातल्या पीसीवर फोल्डरमध्ये सेव्ह करू द्या आणि तो फोल्डर वनड्राइव्हवर सिंक करा. डिस्पॅचवाल्याला तिथंच बघायला सांगा. मी स्कॅनरचं असंच करतो आणि मग पासवर्ड बदलला म्हणून कुणाचा फोन येत नाही.

उद्यमबागचा_फिटर

हे मला सुचलंच नव्हतं. मात्र काट्याचं सॉफ्टवेअर बनवणारा म्हणतोय की फाइल सेव्ह करायचा पर्याय पुढच्या आवृत्तीत येईल. तोपर्यंत?

निपाणी_नाका

तोपर्यंत त्या एका खात्याला पॉलिसीतून वगळा, पण नावानिशी. सगळ्या टेनंटला एसएमटीपी ऑथ बंद, आणि त्या एकालाच चालू:

```
Set-TransportConfig -SmtpClientAuthenticationDisabled $true
Set-CASMailbox -Identity kata@example.com -SmtpClientAuthenticationDisabled $false
```

पहिली ओळ कॉपियर आणि ईआरपी कनेक्टरवर गेल्यानंतरच चालवायची. त्या खात्याचा पासवर्ड लांबलचक ठेवा, त्याच्या मेलबॉक्समध्ये काही साठू देऊ नका, आणि कॅलेंडरात तीन महिन्यांनंतरची तारीख घाला. ही तात्पुरती गोष्ट हाय हे स्वतःला बजावून ठेवा. तुमच्या काट्याचा पासवर्डही असाच तात्पुरता टाकलेला असणार.

बेळगावी_कुंदा

आमच्याकडं अकाउंट्समध्ये एकजण थंडरबर्ड वापरतो, आयमॅपवर. मी ही ब्लॉकची पॉलिसी लावून वर्ष झालं, त्याचं अजून चालतंय. म्हणजे पॉलिसी बरोबर काम करत नाही, असंच ना?

निपाणी_नाका

पॉलिसी बरोबर काम करायलीय, कुंदा. ती प्रोटोकॉल बघत नाही, ओळख पटवायची पद्धत बघते. थंडरबर्डने ओऑथ, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पानावरून लॉगिन, घेतलं की आयमॅप असूनही ते आधुनिक धरलं जातं. लॉगमध्ये ते `Mobile Apps and Desktop clients` खाली दिसेल, म्हणून जुन्याच्या फिल्टरमध्ये तुम्हाला सापडलं नसेल. आयमॅप स्वतःच नको असेल तर ते मेलबॉक्सवर बंद करावं लागतं:

```
Set-CASMailbox -Identity user@example.com -PopEnabled $false -ImapEnabled $false
```

फिटर, तुमच्या पहिल्या पोस्टमध्ये "जुने प्रोटोकॉल" आणि मनात "जुनं लॉगिन" असं झालंय. ऑडिटवाल्याला कुठलं दाखवायचंय ते ठरवा. दोन्ही असेल तर दोन्ही करा.

उद्यमबागचा_फिटर

*(दहा दिवसांनी)*

प्रगती सांगतो. कॉपियर आणि ईआरपी कनेक्टरवर गेले. पायलट ग्रुप बदलला. आता त्यात डिझाइनचे दोघंच, बाकी अकाउंट्सच्या मॅडम, क्रोमशिवाय काही न वापरणारा पर्चेसवाला, महिन्यातले वीस दिवस फिरतीवर असलेला मार्केटिंगचा माणूस, मालकांचा मुलगा (मॅकबुक), डिस्पॅच, असे बारा. जुन्या लॉगिनची पॉलिसी या बारांवर सोमवारी चालू केली, कुणाला कळलंसुद्धा नाही. यंत्रांची खाती या बारांत नाहीत, ती शेवटी.

पण एक घोळ मीच घातलेला. कंडिशनल ॲक्सेस लावताना जुनं `Per-user MFA` बंद करावं असं वाचलं. मी बंद केलं आणि घरी गेलो. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की दुसरा टप्पा, म्हणजे फोनवरचं अप्रूव्ह, सगळ्या माणसांना त्याच सेटिंगमधून लागू होतं. एक रात्र कारखाना नुसत्या पासवर्डवर चालला. सकाळी काट्याचं खातं वगळून एमएफएची वेगळी पॉलिसी बाकी सगळ्यांना लावली.

मशीनवाली पॉलिसी फक्त `Report-only` मध्ये ठेवलीय, म्हणजे अडवायचं नाही, नुसतं नोंदवायचं. आणि इंट्यूनमध्ये बघतो तर पहिल्याच दिवशी बारापैकी अकरा मशीन हिरवे! मी घाबरत होतो तेवढं काही नाही. पुढच्या सोमवारी चालू करू का?

निपाणी_नाका

थांबा. पहिल्या दिवशी अकरा हिरवे मला पटत नाहीत. कंप्लायन्स पॉलिसी, म्हणजे मशीन पास की नापास ठरवणारी, नेमकी कुठल्या ग्रुपला दिलीय?

उद्यमबागचा_फिटर

"पायलट-डिव्हाइस" नावाचा ग्रुप केलाय, त्याला दिलीय... आता बघितलं, त्या ग्रुपात एकच मशीन हाय. माझं.

निपाणी_नाका

मग तेच झालं. इंट्यूनच्या कंप्लायन्स सेटिंगमध्ये `Mark devices with no compliance policy assigned as` म्हणून एक ओळ हाय आणि ती मुळात `Compliant` वर असते. म्हणजे ज्या मशीनला कुणी काही विचारलंच नाही ते पास. शाळेत पेपरच दिला नाही आणि पहिला नंबर. ती ओळ `Not compliant` करा आणि पॉलिसी त्या बारा माणसांच्या ग्रुपला द्या.

आणि मग एक काम मुद्दाम करा. एक जास्तीचा लॅपटॉप घ्या, त्यावर बिटलॉकर, म्हणजे डिस्कचं एन्क्रिप्शन, बंद ठेवा, पायलटच्या खात्यानं एनरोल करा आणि तो लाल होतो का बघा. झाला की त्याच खात्यानं मेल उघडा आणि साइन-इन लॉगमध्ये `Report-only: Failure` येतं का बघा. एक तरी मशीन लाल झालेलं बघितल्याशिवाय मी हिरव्यावर विश्वास ठेवत नाही.

उद्यमबागचा_फिटर

*(चार दिवसांनी)*

ओळ बदलली. अकराचे चार झाले. अकाउंट्सच्या मॅडमचा पीसी लाल, कारण बिटलॉकर. पण मी स्वतः जाऊन बिटलॉकर चालू केलंय, पूर्ण एन्क्रिप्ट झालंय, तरी इंट्यून दोन दिवस "नाही" म्हणायलंय. सिंक दहा वेळा दाबलं.

हिंडलगा_कॉपियरवाला

रीस्टार्ट केला का? गंमत करत नाही.

निपाणी_नाका

गंमत नाहीच. `Require BitLocker` ही अट मशीन सुरू होताना नोंदलेली स्थिती बघते. बूट होताना बिटलॉकर नव्हतं, तर पुढचं बूट होईपर्यंत नाहीच. मॅडम रोज संध्याकाळी झाकण मिटतात, शटडाउन करत नाहीत, असं असणार. एकदा `Restart` द्या, मग सिंक. तुम्हाला हे नकोच असेल तर `Require encryption of data storage on device` ही दुसरी अट हाय, तिला रीस्टार्ट लागत नाही, पण ती तेवढी खोलात बघत नाही. मी पहिली ठेवतो आणि लोकांना रीस्टार्टची सवय लावतो.

उद्यमबागचा_फिटर

मॅडम हिरव्या झाल्या. आणखी दोन रीस्टार्टने सुटले.

आता दोन वेगळ्या भानगडी. एक, पर्चेसवाल्याचं मशीन इंट्यूनमध्ये हिरवं, पण क्रोममधून वेबमेल उघडला की लॉगमध्ये फेल. त्याच मशीनवर एजमध्ये पास. दोन, मालकांच्या मुलाच्या मॅकबुकवर आणि आयफोनवर सारखं "सर्टिफिकेट निवडा" असं येतंय, तो चिडलाय. पॉलिसी तर नुसती रिपोर्टमध्ये हाय ना!

निपाणी_नाका

क्रोमसाठी लॉगमधली ती ओळ उघडा आणि `Device info` बघा. `Device ID` रिकामा असेल तर मशीनची ओळखच पोचली नाही, म्हणजे दोष ब्राउझरचा. आयडी भरलेला आणि खाली `Compliant: No` असेल तर दोष मशीनचा. पुढं सगळ्या तक्रारी याच एका खिडकीवर वाटायच्या हायत, हे पाठच करा. तुमच्याकडं रिकामा असणार. क्रोमला मायक्रोसॉफ्टचं सिंगल साइन-ऑन एक्स्टेंशन इंट्यूनमधून ढकला, किंवा 111 पासूनच्या क्रोमला `CloudAPAuthEnabled` ही पॉलिसी चालू करा. फायरफॉक्सला सेटिंगमध्येच विंडोज साइन-ऑनचा पर्याय हाय. इनकॉग्निटोत नाही चालणार, त्याची तक्रार आली तर ऐकून सोडून द्या.

मुलाचं म्हणाल तर चूक माझी, मी आधी सांगायला पाहिजे होतं. कंप्लायंट मशीनची अट रिपोर्टमध्ये असली तरी मॅक, आयफोन आणि अँड्रॉइडवर सर्टिफिकेट विचारू शकते. रिपोर्टच्या काळात पॉलिसीतून ती तिन्ही आणि लिनक्स वगळा, विंडोजपुरतं मोजा.

पण चालू करताना "फक्त विंडोज" असं ठेवू नका. प्लॅटफॉर्म ओळखला जातो तो ब्राउझरने सांगितलेल्या नावावरून, आणि ते नाव कुणीही बदलू शकतं. उलट लिहा: सगळे प्लॅटफॉर्म, त्यातून अँड्रॉइड आणि आयओएस वगळलेले. आणि त्या दोघांना वेगळी पॉलिसी.

बेळगावी_कुंदा

एवढं कशाला? ऑफिसचा स्टॅटिक आयपी ट्रस्टेड करा, आतून आलेल्याला काही विचारू नका, बाहेरच्यालाच अट. निम्मी डोकेदुखी गेली.

उद्यमबागचा_फिटर

ऑफिसच्या वायफायवर व्हेंडरसुद्धा स्वतःचा लॅपटॉप लावतात ओ. ऑडिटवाल्याने नेमकं तेच विचारलं होतं.

निपाणी_नाका

फिटरनी उत्तर दिलंच. काटा मुख्य कारखान्यात असता तर त्या एका खात्याला आयपीची अट मी आनंदाने लावली असती, कारण यंत्र जागचं हलत नाही. माणसं हलतात.

उद्यमबागचा_फिटर

*(तीन आठवड्यांनी)*

बारा जणांवर मशीनची पॉलिसी `On` केली, मंगळवारी सकाळी, म्हणजे सोमवारची गडबड झाल्यावर. त्याआधी दोन आपत्कालीन ॲडमिन खाती केली, onmicrosoft.com वरची, सगळ्या पॉलिसीतून वगळलेली, प्रत्येकाला एक फिडो की, एक मालकांच्या तिजोरीत. दोन्हीने लॉगिन करून बघितलं.

मॅक वगळलेलं नसल्यामुळं मुलाचं मॅकबुकही एनरोल करून हिरवं केलं.

काय मोडलं? पॉलिसीत मी फक्त एक्सचेंज ऑनलाइन निवडलं होतं आणि डिस्पॅचच्या पोराचं टीम्स बंद पडलं. घरच्या लॅपटॉपवर तो टीम्स वापरायचा.

निपाणी_नाका

टीम्स लॉगिन करतानाच एक्सचेंज आणि शेअरपॉइंट मागतं, त्यामुळं त्यांच्यावरची अट टीम्सलाही लागते. लोकांना आधी सांगायचं असतं की "मेल आणि टीम्स".

उद्यमबागचा_फिटर

दुसरं, मार्केटिंगचा माणूस. पाच आठवडे गोव्यात आणि किनारपट्टीला होता, लॅपटॉप बॅगेत, सगळं काम फोनवर. परत येऊन उघडला तर लाल. तीस दिवस इंट्यूनला तोंड दाखवलं नाही म्हणून. नेटवर ठेवून सिंक केल्यावर अर्ध्या तासात हिरवा झाला, पण तो अर्धा तास त्याने सगळ्या ऑफिसला ऐकवला. मी ती मुदत वाढवू का?

निपाणी_नाका

मी वाढवणार नाही. महिनाभर अपडेट न घेतलेल्या लॅपटॉपला थांबवणं हेच तर त्या अटीचं काम.

हिंडलगा_कॉपियरवाला

मी वाढवीन. फिरतीच्या माणसाचा पहिला दिवस बंद पडला की पुढच्या वेळी तो मेल जीमेलला फॉरवर्ड करून ठेवतो. बघितलंय मी.

निपाणी_नाका

हे खरं हाय. बाहेर ऑटो-फॉरवर्ड बंद हाय का तेवढं तपासा. पण माणूस हातानं फॉरवर्ड करायला लागला तर त्याला काही करता येत नाही.

खानापूर_अक्का

आणि फोनचं काय ठरलं? तुमच्या लोकांना कंपनी पोर्टल लावताय का?

उद्यमबागचा_फिटर

अक्का, तेच अडलंय. स्वतःच्या फोनवर वर्क प्रोफाइल घ्यायला पाच जण तयार, सात नाही. म्हणून फोनच्या पॉलिसीत "कंप्लायंट फोन किंवा ॲप प्रोटेक्शन, दोन्हीपैकी एक" असं ठेवलंय. ॲप प्रोटेक्शनवाल्यांचा फोन एनरोल होत नाही, फक्त आउटलुक ॲपला पिन लागतो आणि त्यातला मजकूर बाहेर कॉपी होत नाही. अँड्रॉइडवर कंपनी पोर्टल ॲप तरीही टाकावं लागतं, पण त्यात साइन-इन करायचं नाही. हे समजावायलाच एक दुपार गेली. फोनमधलं आपलं नेहमीचं मेल ॲप चालत नाही, आउटलुकच पाहिजे, यावर दोघं अजून रुसलेत.

बेळगावी_कुंदा

ऑडिटवाला "किंवा" चालवून घेईल का?

उद्यमबागचा_फिटर

विचारलंय, उत्तर आलेलं नाही. आणि गेटवरचा पीसी राहिलाच हाय. तीन शिफ्टचे तीन वॉचमन, एकच मेलबॉक्स, एकच पासवर्ड, आणि विंडोज होम. त्याला एन्ट्रात जॉइन करता येत नाही, नुसतं रजिस्टर होतं, आणि बिटलॉकरची अट कुठं पुरी करायची. प्रो घ्यायचं की गेटचा मेलच बंद करून वहीवर जायचं, यावर सोमवारी मालकांबरोबर बसायचंय. पुढचे तीस जण घ्यायचे ते त्यानंतर.

हिंडलगा_कॉपियरवाला

वही. मी सांगतो, वही.